मुंबईची जकात कुणी बंद केली? एकात्म राज्य आणि संघराज्य यांतला फरक

प्रश्न: मॅडम, मी एफ.वाय.बी.ए.ला आहे. एकात्म राज्य आणि संघराज्य यांतले फरक गाइडमध्ये दहा मुद्द्यांत दिलेत, ते पाठही झाले. पण ब्रिटनमध्ये स्कॉटलंडला स्वतःची पार्लमेंट असून तो देश एकात्म, आणि आपल्याकडे केंद्र एवढं बलवान असून भारत संघराज्य, हे काही डोक्यात शिरत नाही. आपल्या बीएमसीचं बजेट तर गोव्याच्या बजेटपेक्षा मोठं आहे. मग अधिकार जास्त कुणाकडे, हे नेमकं कसं ठरवायचं?

उत्तर: "अधिकार जास्त कुणाकडे" हा प्रश्न आधी बाजूला ठेव. तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. त्याऐवजी दोन गोष्टी विचार: खालच्या पातळीवरच्या सरकारला हे अधिकार दिले कुणी? आणि वरच्या सरकारला ते एकट्याने काढून घेता येतात का?

एकात्म राज्यात कायदे करण्याची अंतिम सत्ता देशाच्या एकाच कायदेमंडळाकडे असते. प्रांत, जिल्हे, शहरं यांना भरपूर अधिकार दिलेले असू शकतात, पण ते त्या कायदेमंडळाने दिलेले असतात. जे साध्या कायद्याने मिळालं, ते साध्या कायद्याने परतही घेता येतं. संघराज्यात केंद्र आणि घटक राज्यं, दोघांनाही अधिकार मिळतात ते राज्यघटनेकडून. त्यामुळे ती वाटणी केंद्राला एकट्याने बदलता येत नाही, राज्यांनाही येत नाही, आणि भांडण झालं तर निवाडा करायला न्यायालय असतं.

घराचंच बघ. लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेला थ्री बीएचके आणि मालकीची एक खोली, यांत जागा कुणाकडे जास्त हे उघड आहे. पण करार संपल्यावर बाहेर कुणाला काढता येईल, हेही तेवढंच उघड आहे. गाइडमधले दहा मुद्दे बहुतेक जागेचं माप घेत बसतात, मालकीपर्यंत पोचतच नाहीत.

तू मुंबईत शिकतेस याचा इथे फार उपयोग होतो, कारण या शहरात दोन्ही प्रकारची नाती एकाखाली एक बघायला मिळतात. केंद्र आणि महाराष्ट्र यांचं नातं संघराज्याचं आहे. महाराष्ट्र आणि मुंबई महापालिका यांचं नातं जवळपास एकात्म राज्यातल्यासारखं आहे. एकच कर घेऊन हे दाखवता येतं. तो कर म्हणजे जकात.

तू लहान असताना, म्हणजे जून २०१७ पर्यंत, दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द इथल्या जकात नाक्यांवर ट्रकच्या लांबच लांब रांगा लागायच्या. शहरात विक्रीसाठी किंवा वापरासाठी माल आणायचा तर नाक्यावर बिलं आणि बिल्टी दाखवायची, मालाच्या प्रकारानुसार ठरलेल्या टक्क्याने जकात भरायची, पावती घ्यायची आणि मग गाडी आत न्यायची. महापालिकेच्या उत्पन्नाचा हा सर्वांत मोठा स्रोत होता. आता हा अधिकार महापालिकेकडे कुठून आला ते बघ. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ५२ क्रमांकाची नोंद होती. एखाद्या स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावर कर लावण्याचा अधिकार त्या नोंदीने राज्याला दिला होता. राज्याने तो १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातून पालिकेकडे सोपवला होता. म्हणजे साखळीला दोन कड्या होत्या. वरची कडी घटनेपासून राज्यापर्यंत आणि खालची राज्यापासून पालिकेपर्यंत. दोन्ही कड्या तोडायची रीत वेगळी आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या रीतीत आहे.

खालची कडी आधी घेऊ. मुंबईत जकात चालू होती, पण ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत राज्य सरकारने २०१३ मध्ये जकात बंद करून त्याजागी स्थानिक संस्था कर आणला. लोक त्याला एलबीटी म्हणत. व्यापाऱ्यांनी मोठा विरोध केला, बंद पाळले. पुढे राज्यात सरकार बदललं आणि १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना एलबीटीतून मोकळं केलं गेलं. म्हणजे कर भरणारे बहुतेक सगळेच सुटले, आणि पालिकांना राज्याच्या तिजोरीतून अनुदान मिळू लागलं. या सगळ्या काळात त्या महापालिकांमध्ये लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक होते, महापौर होते, सभागृहात ठराव होत होते. पण एक कर जाणं, दुसरा येणं आणि तोही जाणं, यांतल्या एकाही पायरीवर पालिकेची संमती कायद्याने लागत नव्हती. राज्याने ठरवलं की झालं. एकात्म व्यवस्था अशी चालते. तिथे निवडणुका असतात, अधिकार असतात, पैसाही असतो, पण वरच्याचा निर्णय अडवण्याचा हक्क नसतो.

आता वरची कडी. केंद्राला देशभर जीएसटी आणायचा होता. त्यासाठी राज्यांचा विक्रीकराचा अधिकार मर्यादित करून जकातीची ती ५२ वी नोंद घटनेतून काढायला हवी होती. संसदेत साध्या बहुमताने कायदा करून हे जमलं असतं, तर भारत एकात्म ठरला असता. पण सातव्या अनुसूचीतल्या सूचींना हात लावायचा तर कलम ३६८ ची कडक वाट धरावी लागते. दोन्ही सभागृहांत हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं, ते एकूण सदस्यसंख्येच्याही निम्म्याहून जास्त असावं लागतं, आणि वर निदान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी मान्यतेचा ठराव करावा लागतो. ऑगस्ट २०१६ मध्ये आधी राज्यसभेने आणि मग लोकसभेने दुरुस्तीला मंजुरी दिली, त्यानंतर राज्यांचे ठराव येऊ लागले. आसामचा ठराव पहिला होता. महाराष्ट्रानेही त्याच महिन्यात विशेष अधिवेशन घेऊन ठराव केला. पुरेशी राज्यं झाल्यावर सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची सही झाली आणि १०१ वी घटनादुरुस्ती अमलात आली.

त्याआधीची काही वर्षं केंद्र राज्यांच्या मिनतवाऱ्या का करत होतं, हे या पायरीवरून कळतं. आधीच्या सरकारच्या काळात २०११ मध्ये आलेलं जीएसटीचं विधेयक याच वाटेत अडकून लोकसभेबरोबर संपलं होतं. महाराष्ट्र, गुजरात, तामिळनाडू अशा उत्पादन करणाऱ्या राज्यांना महसूल बुडण्याची भीती होती. शेवटी केंद्राला पाच वर्षं भरपाई देण्याचं कायद्याने कबूल करावं लागलं. २०१५-१६ चा महसूल पाया धरायचा, तो दरवर्षी १४ टक्क्यांनी वाढला असता असं मानायचं आणि जेवढी तूट पडेल तेवढी भरून द्यायची. इतक्या चढ्या दराने केंद्र तयार झालं ते औदार्यापोटी नव्हे. राज्यांच्या विधिमंडळांच्या हाती मत होतं.

यात एक बारकावा आहे, तो सुटू देऊ नकोस. कलम ३६८ प्रत्येक राज्याला वेगळा नकाराधिकार देत नाही. महाराष्ट्राने एकट्याने विरोध केला असता आणि बाकीची निम्मी राज्यं राजी असती, तरी जकात गेलीच असती. संरक्षण आहे ते राज्यांना मिळून आहे, एकेकट्याला नाही. पण केंद्राला एकट्याने ते करता आलं नसतं, आणि संघराज्याच्या कसोटीला एवढं पुरतं.

जीएसटीबद्दल शिफारशी करणाऱ्या जीएसटी परिषदेतही हाच विचार आकड्यांत मांडलेला दिसतो. परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश आणि सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. ठराव मंजूर व्हायला हजर असून मत देणाऱ्यांचं तीन चतुर्थांश वजन लागतं. म्हणजे १०० पैकी ७५. राज्यांकडे सगळी मिळून ६६.६७, तेव्हा केंद्राशिवाय राज्यांना काही करता येत नाही. केंद्राकडे ३३.३३, म्हणजे त्याला आणखी जवळपास ४१.६७ हवेत. आज २८ राज्यं आणि विधानसभा असलेले तीन केंद्रशासित प्रदेश असे ३१ सदस्य आहेत. सगळे हजर असतील तर केंद्राला त्यांतले निदान २० गोळा करावे लागतात. महाराष्ट्राचं मत आणि सिक्कीमचं मत सारख्याच वजनाचं. आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परिषदेच्या शिफारशी संसदेवर किंवा विधानसभांवर बंधनकारक नाहीत.

या परिषदेत मुंबई महापालिकेला खुर्ची नाही. तिचा सर्वांत मोठा कर जाणार होता, तरी घटनेने तिचं मत कुठेच मागितलेलं नाही. पालिकेत सत्ता असलेल्यांनी राजकीय वजन वापरलं आणि मे २०१७ च्या विशेष अधिवेशनात राज्याने स्थानिक संस्थांना भरपाई देण्याचा कायदा केला. त्यानुसार राज्य सरकार आजवर पालिकेला दरमहा रक्कम देत आलं आहे. पण ती मिळते विधिमंडळाच्या कायद्याने, आणि तो कायदा विधिमंडळाला बदलता येतो. आता तुझ्या बजेटच्या शंकेचं उत्तर सोपं होईल. २०२५-२६ ला पालिकेचं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या पुढे गेलं. गोव्याचं त्याहून बरंच कमी असतं. तरी गोव्याचं विधिमंडळ घटनादुरुस्तीवर मत देतं, आणि केंद्राशी वाद झाला तर गोवा सरकार कलम १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावू शकतं. मुंबई महापालिकेला यातलं काहीही करता येत नाही.

वर्गात यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे ७४ वी घटनादुरुस्ती. तिने तर नगरपालिकांनाही घटनेत स्थान दिलं, मग महापालिका संघराज्याची तिसरी पातळी का नाही? त्या दुरुस्तीने पालिकेच्या असण्याला संरक्षण दिलं. पाच वर्षांची मुदत ठरवली, मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायला सांगितली. पण अधिकारांच्या बाबतीत कलम २४३-डब्ल्यू राज्याच्या विधिमंडळाला फक्त मुभा देतं: कायद्याने पालिकेला अधिकार देता येतील. देणं न देणं राज्याच्या हाती. किती नगरसेवक असावेत हेसुद्धा राज्याचा कायदा ठरवतो. मुंबईत २२७ चे २३६ झाले आणि सरकार बदलल्यावर पुन्हा २२७ झाले. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे वाद न्यायालयात गेले. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पालिका प्रशासकाच्या हाती गेली ती २०२६ च्या जानेवारीतल्या निवडणुकीपर्यंत. मला स्वतःला हा काळ फार खटकतो, कारण मुदतीबद्दल घटनेचे शब्द स्पष्ट होते. पण विषय समजण्यासाठी उदाहरण याहून चांगलं सापडणार नाही.

आता ब्रिटन. आपल्या पालिकेशी राज्याचं जे नातं आहे, ते तिथे वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटचं सगळ्यांशीच आहे. ऐंशीच्या दशकात लंडनची ग्रेटर लंडन कौन्सिल ही निवडून आलेली शहरसंस्था मजूर पक्षाकडे होती आणि तिचं मार्गारेट थॅचर यांच्या सरकारशी सतत वाजत होतं. १९८५ मध्ये पार्लमेंटने साधा कायदा केला आणि ३१ मार्च १९८६ ला कौन्सिलच संपली. एवढ्या मोठ्या राजधानीला २००० सालापर्यंत संपूर्ण शहराची निवडून दिलेली संस्थाच नव्हती. न्यायालयात जाऊन हे थांबवता येणार नव्हतं, कारण पार्लमेंटच्या कायद्याच्या वर बसणारी घटना तिथे नाही.

स्कॉटलंडची पार्लमेंटही १९९८ च्या कायद्यातून आली आहे. ती शिक्षण, आरोग्य, काही करांपर्यंत खूप काही ठरवते. कित्येक बाबतींत आपल्या राज्यांपेक्षा तिचा हात मोकळा आहे. स्कॉटलंडच्या विषयांवर वेस्टमिन्स्टरने सहसा त्यांच्या संमतीशिवाय कायदा करू नये, असा संकेतही आहे आणि २०१६ मध्ये तो कायद्यात लिहिलाही गेला. परंतु २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा राजकीय संकेत आहे, न्यायालय त्याची अंमलबजावणी करून देणार नाही. आणि खरंच, जानेवारी २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या कराराचा कायदा करताना स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या तिघांच्याही प्रतिनिधिगृहांनी संमती नाकारली होती, तरी कायदा झाला. उत्तर आयर्लंडची स्वतःची पार्लमेंट तर १९७२ मध्ये लंडनने आधी स्थगित केली आणि पुढच्या वर्षी रद्दच केली होती. आजच्या राजकारणात स्कॉटिश पार्लमेंट बंद करण्याची हिंमत कुणी करणार नाही हे खरं. पण तिला वाचवतं ते जनमत. घटनेचं कुलूप तिथे नाही.

याच कारणाने "लिखित राज्यघटना असेल तर संघराज्य" हे वाक्य पेपरात लिहू नकोस. फ्रान्सची घटना लिखित आहे, ती सहज बदलता येत नाही, २००३ पासून विकेंद्रीकरणाचा उल्लेखही तिच्यात आहे, आणि तरीही फ्रान्स एकात्म आहे. तिथे प्रदेशांना कायदे करण्याचा स्वतःचा घटनात्मक वाटा नाही. विकेंद्रीकरण कितीही झालं तरी त्याचं संघराज्य होत नाही.

एवढं समजलं की भारताची अडचणीची जागा दिसू लागते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अधिकारांची वाटणी घटनेत सुरक्षित आहे, पण राज्य स्वतः? कलम ३ नुसार संसद साध्या बहुमताने नवं राज्य करू शकते, सीमा बदलू शकते, नाव बदलू शकते. त्या राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते मानावं लागत नाही. अमेरिकेत एखाद्या राज्यातून दुसरं राज्य काढायचं तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमतीच लागते.

कलम ३ चा हा अर्थ पक्का झाला तो मुंबईच्याच प्रकरणात. १९५६ च्या एप्रिलमध्ये राज्य पुनर्रचना विधेयक लोकसभेत आलं तेव्हा त्यात तीन वेगळे भाग होते: महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई शहर. मुंबई राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवलं गेलं होतं ते या प्रस्तावावर. संयुक्त समितीतून विधेयक परत आल्यावर संसदेने प्रस्तावच बदलला आणि तिन्ही मिळून एक मोठं द्विभाषिक मुंबई राज्य केलं. बाबूलाल पराते न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: ज्या प्रस्तावावर विधिमंडळाला विचारलं तो वेगळा, आणि मंजूर झाला तो वेगळा, तेव्हा पुन्हा विचारायला हवं होतं. उच्च न्यायालयाने ते फेटाळलं आणि ऑगस्ट १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. मूळ प्रस्तावावर मत मागवलं की कलम ३ ची अट पूर्ण होते, नंतरच्या प्रत्येक दुरुस्तीसाठी विधेयक परत पाठवण्याची गरज नाही, असा निकाल झाला. द्विभाषिक राज्य टिकलं नाही, पण ते मोडलं संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने, त्यात गेलेल्या जिवांनी आणि १९५७ च्या निवडणुकीत बसलेल्या फटक्याने. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तोसुद्धा संसदेच्या साध्या कायद्याने.

मग उत्तर लिहिताना भारताला काय म्हणायचं? मी असं लिहीन: अधिकारांच्या वाटणीत भारत संघराज्याच्या कसोटीला उतरतो, जीएसटीच्या दुरुस्तीत ते दिसलं. राज्यांच्या अस्तित्वाच्या बाबतीत तो उतरत नाही, द्विभाषिक मुंबई राज्याच्या निर्मितीत ते दिसलं. अर्ध-संघराज्य हा शब्द पुस्तकात येतो तो या दुसऱ्या बाजूमुळे, आणि राष्ट्रपती राजवटीसारख्या तरतुदींमुळे. नुसता तो शब्द लिहून सोडलास तर अर्धेच गुण मिळतील. कुठल्या बाबतीत अर्ध, हे सांगावं लागतं.

कलम ३ ची हद्द नेमकी कुठे संपते, हे अजून पूर्ण ठरलेलं नाही. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर या राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश केले गेले, तेही तिथे राष्ट्रपती राजवट असताना, म्हणजे विधानसभेचं मत मागवण्याची पायरी संसदेनेच पार पाडली. डिसेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लडाख वेगळा करणं वैध ठरवलं. मात्र अख्ख्या राज्याचा दर्जा काढून त्याचा केंद्रशासित प्रदेश करता येतो का, या प्रश्नाला न्यायालयाने हात घातला नाही, कारण राज्याचा दर्जा परत देऊ अशी हमी केंद्राने दिली होती. तुझ्या सरांनी किंवा मॅडमनी तोंडी परीक्षेत हे विचारलं, तर न्यायालयाने तो प्रश्न उघडा ठेवला आहे असंच सांग.